बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक छापील वाचायचं कसं? घटक, एका वाट्यातली पोषकं आणि अ‍ॅलर्जीचा इशारा एका चिठ्ठीत उतरवण्याची पद्धत

गावातल्या किराणा दुकानात आता सुट्ट्या मालापेक्षा पाकिटबंद माल जास्त दिसतो. बिस्किटं, फरसाण, शेवया, सूपची पाकिटं, दुधात घालायची पावडर, सगळ्यांच्या मागे बारीक अक्षरात माहिती छापलेली असते. कायद्यानुसार ती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. मराठीत छापायची सक्ती नाही, त्यामुळे बहुतेक पाकिटांवर फक्त इंग्रजी असते. वरचं मोठं चित्र आणि किंमत सगळे बघतात, मागची बाजू कोणी वाचत नाही.

पण ज्या घरात एखाद्या लेकराला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, आजीला शुगर आहे किंवा आजोबांना बीपीची गोळी चालू आहे, त्या घराला हीच मागची बाजू लागते. ती प्रत्येक वेळी दुकानात उभं राहून वाचणं जमत नाही. शिवाय खाऊ देणारा माणूस दरवेळी एकच नसतो. कधी आई देते, कधी अंगणवाडी सेविका, कधी शेजारची काकू. म्हणून घरात नेहमी येणाऱ्या प्रत्येक मालाची एक छोटी चिठ्ठी करून ठेवलेली बरी. चिठ्ठीचे भाग तीनच: आत काय आहे, एका वेळी खाल्लं तर अंगाला काय लागतं, आणि कोणाला धोका आहे.

ही चिठ्ठी कशी करायची ते एका बिस्किटाच्या पुड्यावरून पाहू. खालचा पुडा नमुन्याचा आहे, कोणत्याही एका कंपनीचा नाही. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. आपल्या हातातल्या पुड्यावरचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

आधी फोटो, मग वाचन

पुड्याची मागची बाजू उजेडात सपाट धरून मोबाईलवर दोन फोटो काढा. एक घटकांच्या यादीचा, दुसरा आकड्यांच्या तक्त्याचा. पुडा चमकदार असेल तर फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर अक्षरांवर पांढरा डाग येतो. शिवणीजवळ किंवा घडीत छापलेली ओळ राहून जाते, आणि नेमका अ‍ॅलर्जीचा इशारा बऱ्याचदा तिथेच असतो. पुडा रिकामा झाल्यावर फाडून सपाट केला तर सगळं नीट दिसतं. फोटो मोठा करून वाचला की चष्मा नसलेल्यालाही अक्षर लागतं.

नमुन्याच्या पुड्यावर हे छापलं आहे, असं समजू.

घटक: रिफाइंड व्हीट फ्लोअर (मैदा) ६२ टक्के, शुगर, एडिबल व्हेजिटेबल ऑइल (पाम), इन्व्हर्ट सिरप, मिल्क सॉलिड्स, रेझिंग एजंट्स (५०३, ५००), आयोडाइज्ड सॉल्ट, इमल्सिफायर (सोया लेसिथिन ३२२), डो कंडिशनर (२२३), कृत्रिम स्वाद.

इशारा: कंटेन्स व्हीट, मिल्क, सोया, सल्फाइट. मे कंटेन नट्स.

वजन ७५ ग्रॅम. एक सर्व्हिंग १५ ग्रॅम, म्हणजे ३ बिस्किटं. पुड्यात ५ सर्व्हिंग.

१०० ग्रॅममागे: ऊर्जा ४६७ किलोकॅलरी, प्रथिनं ७ ग्रॅम, कर्बोदकं ७६ ग्रॅम, एकूण साखर २६ ग्रॅम, त्यात वरून घातलेली साखर २५ ग्रॅम, एकूण चरबी १५ ग्रॅम, त्यात संपृक्त चरबी ७ ग्रॅम, ट्रान्स फॅट ०, कोलेस्टेरॉल ०, सोडियम ३२० मिलिग्रॅम.

भाग पहिला: आत काय आहे

घटकांच्या यादीचा एकच नियम लक्षात ठेवला तरी निम्मं काम होतं. माल बनवताना जो घटक वजनाने सगळ्यात जास्त घातला तो पहिला, त्याहून कमी तो दुसरा, अशी उतरती यादी असते. म्हणजे पहिली तीन नावं वाचली की माल मुळात कशाचा आहे ते कळतं. आपला पुडा मैदा, साखर आणि पाम तेलाचा आहे. दूध पाचव्या जागी आहे, मग वर दुधाचा कितीही मोठा ग्लास छापलेला असो.

चित्र किंवा नाव एखाद्या घटकाचा बडेजाव करत असेल तर तो घटक आत किती टक्के आहे हे यादीत लिहावं लागतं. बदामाचं बिस्किट घेतलं आणि यादीत बदामापुढे अर्धा किंवा एक टक्का दिसला, तर आपण पैसे बदामाचे देतोय की मैद्याचे हे तिथल्या तिथे समजतं.

साखरेच्या बाबतीत ही उतरती यादी थोडी फसवते. आपल्या पुड्यात 'शुगर' दुसऱ्या जागी आहे आणि 'इन्व्हर्ट सिरप' चौथ्या. दोन्ही साखरच. साखर अशी दोन-तीन नावांत वाटली गेली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि साखर कमी असल्यासारखं वाटतं. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, हनी, जॅगरी ही नावं दिसली तर ती चिठ्ठीत एकाच 'साखर' शब्दाखाली लिहायची. गूळ आणि मधसुद्धा इथे साखरेतच धरायचे. माल्टोडेक्स्ट्रिन हा पिठूळ पदार्थ आहे, तो तक्त्यात साखरेत मोजला जात नाही, पण शरीरात गेल्यावर त्याचं ग्लुकोज लवकर होतं. शुगरवाल्या माणसाच्या चिठ्ठीत त्याचंही नाव घ्या.

कंसातले आकडे पाहून काही जण घाबरतात. तो वर घातलेल्या पदार्थाचा ठरलेला क्रमांक असतो. ५०० म्हणजे आपला खाण्याचा सोडा आणि त्याचे भाऊबंद, ५०३ म्हणजे अमोनियाचा सोडा, ज्याने बिस्किट फुलतं. ३२२ म्हणजे लेसिथिन, तेल आणि पाणी एकजीव करणारं. या क्रमांकांची पूर्ण यादी पाठ करायची गरज नाही. चिठ्ठी करणाऱ्याने २२० ते २२८ एवढे ध्यानात ठेवावेत. हे सल्फाइट आहेत. पीठ मऊ करायला, सुकामेवा आणि सुकी फळं काळी पडू नयेत म्हणून ते वापरतात. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने दम लागतो, म्हणून ते अ‍ॅलर्जीच्या इशाऱ्यातही येतात. आपल्या पुड्यात २२३ आहे आणि खाली इशाऱ्यात 'सल्फाइट' आहे. दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

चिठ्ठीत पहिला भाग असा उतरेल: मैदा, साखर (शुगर आणि इन्व्हर्ट सिरप), पाम तेल, दुधाची भुकटी, सोडा, मीठ, सोया, सल्फाइट. इतकं पुरे.

भाग दुसरा: एका वाट्यात किती

आकड्यांच्या तक्त्यात सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. एका रकान्यात १०० ग्रॅमचे आकडे असतात, दुसऱ्यात एका सर्व्हिंगची टक्केवारी. माणूस तिसरीच मात्रा खातो. कंपनी म्हणते एक सर्व्हिंग ३ बिस्किटांची. चहासोबत ३ बिस्किटांवर थांबणारे थोडेच. ७५ ग्रॅमचा पुडा शाळेतून आलेलं पोर एकटं संपवतं.

म्हणून चिठ्ठीत आपल्या घरात खरंच किती खाल्लं जातं तो वाटा लिहायचा. त्याचा हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅमचा आकडा घ्यायचा, खाल्लेल्या ग्रॅमने गुणायचा आणि १०० ने भागायचा. एका बिस्किटाचं वजन काढायला पुड्याचं वजन बिस्किटांच्या संख्येने भागावं. आपल्या पुड्यात १५ बिस्किटं, ७५ ग्रॅम, म्हणजे एक बिस्किट ५ ग्रॅमचं.

साखरेचा हिशेब करून पाहू. १०० ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर २५ ग्रॅम. तीन बिस्किटांत १५ ग्रॅम माल, म्हणजे २५ गुणिले १५ भागिले १००, बरोबर पावणेचार ग्रॅम. साधारण एक लहान चमचा. हे थोडंच वाटतं. पण पूर्ण पुडा खाल्ला तर २५ गुणिले ७५ भागिले १००, पावणेएकोणीस ग्रॅम. चहाच्या चमच्याने जवळजवळ पावणेचार ते साडेचार चमचे, आणि चहातली साखर यात धरलेलीच नाही.

हा आकडा जास्त की कमी हे ठरवायला लेबलवर एक टक्केवारी असते. ती मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ठोक मापावर काढलेली असते. ते माप असं: ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण चरबी ६७ ग्रॅम, त्यातली संपृक्त चरबी २२ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. पूर्ण पुड्यातली पावणेएकोणीस ग्रॅम साखर म्हणजे दिवसाच्या ५० ग्रॅमच्या साडेसदतीस टक्के. लेबलवर मात्र एका सर्व्हिंगचे साडेसात टक्केच छापलेले दिसतील. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक फक्त ३ बिस्किटं आणि १५ बिस्किटं यांचा आहे.

हे माप रोजचा कोटा म्हणून वाचू नये. ५० ग्रॅम साखर खाल्लीच पाहिजे असं नाही, त्याच्या आत राहायचं. आणि हे माप मोठ्या माणसाचं आहे. लहान पोराला ते लागू करू नका, त्याची गरज त्याहून कमी असते. दोन वर्षांखालच्या बाळाला तर वरून घातलेली साखर देऊच नये, असा आहारतज्ज्ञांचा सल्ला आहे.

आता मीठ. तक्त्यात 'मीठ' असा शब्द बहुधा नसतो, 'सोडियम' असतं, तेही मिलिग्रॅममध्ये. ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांची गफलत इथे हमखास होते. हजार मिलिग्रॅम म्हणजे एक ग्रॅम. सोडियमचं मीठ करायचं असेल तर अडीचने गुणायचं. आपल्या पुड्यात १०० ग्रॅमला ३२० मिलिग्रॅम सोडियम. पूर्ण ७५ ग्रॅमच्या पुड्यात २४० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० मिलिग्रॅम मीठ, पाऊण ग्रॅमपेक्षा थोडं कमी. गोड बिस्किटातही मीठ असतं हे यावरून लक्षात येईल.

फरसाणाच्या पाकिटावर हाच हिशेब केला तर चित्र बदलतं. समजा १०० ग्रॅमला सोडियम ८०० मिलिग्रॅम आहे आणि पाकीट १५० ग्रॅमचं. पूर्ण पाकिटात १२०० मिलिग्रॅम सोडियम झालं, म्हणजे ३ ग्रॅम मीठ. दिवसभरात एकूण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका सपाट लहान चमच्याएवढंच मीठ खावं असं धरलं तर निम्म्याहून जास्त मीठ एका पाकिटात संपलं. वरून भाकरी, भाजी, लोणचं, चटणी राहिलीच. बीपीच्या माणसाला हे पाकीट दोघा-तिघांत वाटून, एक मूठभर घ्यायला सांगता येतं. मूठ किती ग्रॅमची हे एकदा दुकानदाराच्या वजनकाट्यावर बघून चिठ्ठीत लिहून ठेवलं की रोज मोजावं लागत नाही.

शुगरवाल्यांनी इथे एक गोष्ट खास ध्यानात घ्यावी. साखरेची ओळ वाचून थांबू नका, 'कर्बोदकं' ही ओळ वाचा. इंग्रजीत ती कार्बोहायड्रेट नावाने असते. आपल्या पुड्यात १०० ग्रॅमला कर्बोदकं ७६ ग्रॅम आहेत. त्यात साखर २६ आणि उरलेली जवळजवळ सगळी मैद्याची. मैद्याचंही पोटात ग्लुकोजच होतं. म्हणून 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेलं बिस्किट शुगरवाल्यांनी मोकळ्या हाताने खाऊ नये. त्यात वरून साखर नसेल, पण मैदा असतो आणि कर्बोदकं १०० ग्रॅमला सत्तरच्या घरात निघू शकतात. पुडा उलटा करून तो आकडा वाचल्याशिवाय घ्यायचा नाही. आपल्या नमुन्यात ३ बिस्किटांत साडेअकरा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं आहेत, पूर्ण पुड्यात ५७ ग्रॅम. डॉक्टरांनी एका वेळचं कर्बोदकांचं माप सांगितलं असेल तर हे दोन आकडे त्याला जोडून बघायचे.

तेलाच्या ओळीत 'संपृक्त चरबी' म्हणजे सॅच्युरेटेड फॅट तेवढी उतरवावी. पूर्ण पुड्यात सव्वापाच ग्रॅम, दिवसाच्या २२ ग्रॅमच्या साधारण चौथा हिस्सा. 'ट्रान्स फॅट ०' किंवा 'कोलेस्टेरॉल ०' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी संपृक्त चरबीची ओळ वेगळी वाचायची. पाम तेल झाडाचं आहे, त्यात कोलेस्टेरॉल नसतंच. संपृक्त चरबी मात्र भरपूर असते.

छापलेल्या तक्त्यात चूक आहे का, याची घरच्या घरी एक तपासणी करता येते. प्रथिनं आणि कर्बोदकं यांचे ग्रॅम चारने गुणा, चरबीचे नऊने. आपल्या पुड्यात २८ अधिक ३०४ अधिक १३५, बेरीज ४६७. तक्त्यातली ऊर्जाही ४६७. पाच-दहाचा फरक आला तर चालतं. शंभर-दीडशेचा फरक आला तर आधी आपण आकडा चुकीचा वाचला का ते बघा. बहुतेक वेळा दशांश चिन्ह निसटलेलं असतं, ७.० चं ७० होतं.

भाग तिसरा: धोका कोणाला

पहिले दोन भाग चुकले तर नुकसान हळूहळू होतं. हा भाग चुकला तर काही मिनिटांत होऊ शकतं. म्हणून चिठ्ठीत हा भाग सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात आणि जमल्यास लाल पेनाने लिहावा.

लेबलवर इशाऱ्याचे दोन प्रकार असतात. 'कंटेन्स' म्हणजे हा पदार्थ आत घातलेला आहे. 'मे कंटेन' म्हणजे तो मुद्दाम घातलेला नाही, पण त्याच कारखान्यात किंवा त्याच यंत्रावर दुसरा माल बनतो, त्याचा अंश आत गेलेला असू शकतो. ज्याला जोराची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी दुसरा इशाराही 'नको' असाच वाचायचा. एखाद्या पुड्यात अंश असेल, दुसऱ्यात नसेल. मागच्या वेळी पोराला काही झालं नाही, यावरून आजचा पुडा सुरक्षित आहे असं ठरत नाही.

आपल्या देशाच्या नियमात हे इशारे ठरावीक पदार्थांपुरते सक्तीचे आहेत. ग्लुटेन असलेली धान्यं (गहू, बार्ली, राय, ओट्स), दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, शेंगदाणा आणि बदाम-काजू-अक्रोडासारखा झाडाचा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. या यादीत तीळ नाही, मोहरी नाही, हरभरा नाही. तिळाची किंवा बेसनाची अ‍ॅलर्जी असलेला माणूस फक्त 'कंटेन्स' ची ओळ वाचून समाधान मानू शकत नाही, त्याला घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते. तीळ यादीत 'सेसमी' नावाने येतो, बेसन 'ग्राम फ्लोअर' किंवा 'बेंगाल ग्राम' नावाने. शेंगदाणा 'पीनट' किंवा 'ग्राउंडनट', दोन्ही नावांनी येतो.

दुधाची नावं तर पुष्कळ आहेत. मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे, केसिन, बटर, चीज, हे सगळं दूधच. इथे एक गैरसमज खेड्यापाड्यात फार आहे. हिरवा ठिपका दिसला की 'शुद्ध शाकाहारी, काही त्रास नाही' असं समजलं जातं. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका एवढंच सांगतो की मांस, मासे, अंडी नाहीत. दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ हिरव्या ठिप्प्यात बसतात. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या लेकरासाठी हिरवा ठिपका काहीच सांगत नाही.

दूध पचत नाही आणि दुधाची अ‍ॅलर्जी आहे, यात फरक आहे. दूध न पचणाऱ्याला पोट फुगतं, जुलाब होतात, ते दुधातल्या साखरेमुळे. थोडं दूध त्याला चालतंही. अ‍ॅलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते, तिला थोडंही पुरतं. अंगावर गांध्या उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलटी होते, दम लागतो. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा पोर गळाल्यासारखं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात तसंच न्या, पुडा सोबत घ्या. पुडा पाहून डॉक्टरांना कारण लवकर सापडतं. कोणती अ‍ॅलर्जी आहे हे ठरवणं डॉक्टरांचं काम, चिठ्ठी फक्त ठरलेली अ‍ॅलर्जी पाळायला मदत करते.

गव्हाचा त्रास असलेल्यांसाठी मैदा, रवा, आटा, सूजी, सगळं गहूच. 'ग्लुटेन फ्री' असं छापलेलं असेल तर त्यात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं असा नियम आहे. नुसतं 'ज्वारीचं' किंवा 'नाचणीचं' लिहिलं म्हणजे ग्लुटेन नाही असं नव्हे. नाचणी बिस्किटाच्या यादीत मैदा वर दिसला तर ते गव्हाचंच बिस्किट आहे.

तयार चिठ्ठी

आपल्या नमुन्याच्या पुड्याची चिठ्ठी अशी होते:

धोका: गहू, दूध, सोया, सल्फाइट आहे. सुकामेव्याचा अंश असू शकतो.
आत: मैदा, साखर (दोन नावांनी), पाम तेल, दुधाची भुकटी, सोडा, मीठ.
३ बिस्किटांत (१५ ग्रॅम): ऊर्जा ७०, कर्बोदकं साडेअकरा ग्रॅम, वरून साखर पावणेचार ग्रॅम, संपृक्त चरबी १ ग्रॅम, सोडियम ४८ मिलिग्रॅम.
पूर्ण पुड्यात (७५ ग्रॅम): ऊर्जा ३५०, कर्बोदकं ५७ ग्रॅम, वरून साखर पावणेएकोणीस ग्रॅम, संपृक्त चरबी सव्वापाच ग्रॅम, सोडियम २४० मिलिग्रॅम.
पुडा पाहिल्याची तारीख आणि बॅच नंबर.

आता एकाच घरातली तीन माणसं धरा. दुधाची अ‍ॅलर्जी असलेलं नातवंड, शुगरवाली आजी, बीपीचे आजोबा. नातवंडासाठी पहिली ओळ वाचली की विषय संपला, अर्धं बिस्किटही नाही. आजीने कर्बोदकांची ओळ बघून डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात बसतं का ते ठरवायचं, बसलंच तर दोन-तीन बिस्किटांवर थांबायचं. आजोबांना या बिस्किटात मीठ फार नाही, त्यांनी फरसाणाकडे जास्त लक्ष द्यावं. पुडा एकच, पण प्रत्येकाने वाचायची ओळ वेगळी.

चिठ्ठीचा फोटो काढून घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि अ‍ॅलर्जीचं लेकरू असेल तर एक कागद अंगणवाडीत किंवा शाळेत द्या. तिथे फक्त 'धोका' ची ओळ आणि आई-वडिलांचा फोन नंबर पुरतो.

कुठे अडकायला होतं

मालाची कृती बदलते. कंपनी तेल बदलते, स्वाद बदलते, कारखाना बदलतो, पण पुड्याचा रंग तोच राहतो. म्हणून चिठ्ठीवर तारीख लिहायची. अ‍ॅलर्जीच्या घरात नवा पुडा फोडताना 'कंटेन्स' ची ओळ दर वेळी वाचायची, जुनी चिठ्ठी आहे म्हणून सोडायची नाही. एकाच कंपनीच्या दोन स्वादांचे घटकही वेगळे असतात. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही.

अगदी लहान पाकिटांवर, ज्यांचा छापायचा भाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसतो, घटकांची यादी आणि पोषण तक्ता छापण्यातून सूट आहे. एक-दोन रुपयांच्या गोळ्या-चॉकलेटवर काहीच दिसत नाही ते त्यामुळे. ती माहिती ज्या मोठ्या पुड्यात किंवा बरणीत माल दुकानात आला त्यावर असते. दुकानदाराला तो मोठा पुडा दाखवायला सांगा आणि त्याचा फोटो घ्या. त्याने तो फेकून दिला असेल तर अ‍ॅलर्जीच्या लेकरासाठी ती गोळी घेऊ नका.

सुट्टं फरसाण, बेकरीतली नानकटाई, आठवडी बाजारातली चिक्की यांच्यावर लेबल नसतंच. तिथे चिठ्ठी होऊ शकत नाही. बनवणाऱ्याला विचारायचं, आणि तो 'काही नाही हो, खा बिनधास्त' म्हणाला तर अ‍ॅलर्जीवाल्याने ते उत्तर धरू नये. कढई, तेल आणि पाटा एकच असेल तर शेंगदाण्याचा अंश सगळीकडे जातो.

पाकिटावर १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक नसेल, किंवा 'कंटेन्स' मध्ये एक आणि घटकांत दुसरंच दिसत असेल, तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात किंवा 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी अ‍ॅपवर तक्रार करता येते. तक्रारीसोबत पुड्याच्या पुढच्या-मागच्या बाजूचा फोटो, बॅच नंबर आणि दुकानाची पावती लागते. पुडा मात्र तक्रार मिटेपर्यंत जपून ठेवा. तो चुलीत गेला तर तपासणीला काही उरत नाही.